नोटिफिकेशन नेमकं कुठे अडलं?

विजेचं बिल भरायची शेवटची तारीख उलटून जाते आणि ग्राहक फोन करून विचारतो, ‘मला आठवण का नाही केली?’ कंपनीच्या संगणकावर मात्र नोंद असते, की संदेश पाठवला आहे. दोघंही खरं बोलत असतात. संदेश निघाला होता, पण फोनवर दिसला नाही. मधल्या वाटेत तो कुठे अडला, हे शोधायचं तर नोंदी नीट ठेवाव्या लागतात आणि त्या योग्य तऱ्हेने मांडाव्या लागतात.

ॲपची कंपनी असं नोटिफिकेशन सहसा तुमच्या फोनवर थेट टाकत नाही. ॲपच्या कंपनीचा सर्व्हर तो संदेश आधी एका मध्यस्थाकडे सोपवतो. आयफोनसाठी हा मध्यस्थ ॲपलची एपीएनएस ही सेवा असते. गुगलच्या सेवा असलेल्या अँड्रॉइड फोनसाठी बहुधा गुगलची एफसीएम. प्रत्येक फोनवरच्या प्रत्येक ॲपला एक लांबलचक टोकन मिळालेलं असतं. तोच त्याचा पत्ता. मध्यस्थ प्रत्येक संदेशाला लगेच उत्तर देतो: स्वीकारला, किंवा नाकारला आणि का नाकारला. हे उत्तर वाचून फेकून न देता लिहून ठेवणं म्हणजे लॉगिंग. एका संदेशाची उपयोगी नोंद साधारण अशी दिसते:

```
{
  "time": "2025-03-10T09:00:04+05:30",
  "provider": "apns",
  "server": "push-2",
  "phone": "iPhone",
  "os": "17.4",
  "app": "5.2.1",
  "status": 403,
  "reason": "ExpiredProviderToken"
}
```

यात संदेशाचा मजकूर नाही आणि पूर्ण टोकनही नाही, हे लक्षात घ्या. मजकुरात ओटीपी किंवा खात्यातली शिल्लक असू शकते. लॉग अनेकांच्या नजरेखालून जातो, त्यामुळे बिघाड शोधायला लागेल तेवढंच त्यात असावं.

आता या नोंदींचं काय करायचं? बहुतेक ठिकाणी डॅशबोर्डवर पहिला आकडा येतो तो एकूण अपयशाचा. तो किती फसवा असतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, सकाळी नऊला एक लाख आठवणी पाठवल्या. त्यातले 91,000 फोन अँड्रॉइडचे आणि 9,000 आयफोन. दोन्हीकडे रोज सुमारे तीन टक्के संदेश नाकारले जातात, कारण काही लोकांनी ॲप काढून टाकलेलं असतं. एके दिवशी एकूण अपयश तीनवरून 5.9 टक्क्यांवर जातं. धोक्याची सूचना दहा टक्क्यांना लावलेली असेल, तर कुणाला काहीच कळत नाही.

तोच आकडा मध्यस्थानुसार फोडला, की चित्र पालटतं. एफसीएमकडे 91,000 पैकी 2,730 नाकारले, म्हणजे नेहमीचेच तीन टक्के. एपीएनएसकडे मात्र 9,000 पैकी 3,180 नाकारले, म्हणजे 35 टक्क्यांहून जास्त. तीन आयफोनधारकांमागे एकाला आठवण मिळालेली नाही. अँड्रॉइडची संख्या मोठी असल्यामुळे हा बिघाड सरासरीत बुडून गेला होता.

नाकारण्याचं कारण पाहिलं, तर वाढलेल्या बहुतेक नोंदींवर `ExpiredProviderToken` दिसतं. पाठवणाऱ्या सर्व्हरला एपीएनएसकडे आपली ओळख पटवायला एक सही केलेला परवाना द्यावा लागतो. हा परवाना तासाभराहून जुना चालत नाही, आणि वीस मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा बदललेलाही चालत नाही. मग नोंदी सर्व्हरनुसार लावल्या, की कळतं: तीन सर्व्हरपैकी `push-2` वरच हे घडतंय. साडेसातला तो नव्याने सुरू केला, तेव्हा परवाना ताजा होता. पुढे तो बदलणारं काम तिथे बंद पडलं आणि नऊला संदेश निघाले तेव्हा मुदत संपलेली होती. दुरुस्ती एका सर्व्हरवर करायची होती. फोनमध्ये किंवा ॲपलकडे काहीच बिघडलं नव्हतं.

म्हणूनच सगळी अपयशं एका रांगेत मांडू नयेत. एफसीएमचं `UNREGISTERED` किंवा एपीएनएसचं 410 म्हणजे तो पत्ता आता चालत नाही, बहुधा ॲप काढून टाकलं आहे. असं टोकन यादीतून काढायचं. तसं केलं नाही, तर मृत पत्ते साचत जातात, रोजचं अपयश फुगतं आणि खरा बिघाड त्याआड लपतो. 503 म्हणजे मध्यस्थाची सेवा तात्पुरती अडली आहे. थोडं थांबून, दर वेळी अंतर वाढवत पुन्हा पाठवायचं. 403 सारखं उत्तर आलं, तर बहुतेकदा दोष आपल्या किल्ल्यांत किंवा मांडणीत असतो. तो सुधारल्याशिवाय कितीही वेळा पाठवून उपयोग नाही. डॅशबोर्डवर या तिघांचे आलेख वेगळे हवेत.

इथवरचं सगळं मध्यस्थाच्या उत्तरावरून कळतं. पण ‘स्वीकारला’ ही स्पीड पोस्टच्या पत्राची पावती आहे. पत्र घरी मिळाल्याची पोच वेगळी असते. एफसीएमने संदेश स्वीकारला तरी फोन बंद असू शकतो, किंवा बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोनने ते ॲप मागे चालूच दिलेलं नसतं. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या काही कंपन्या याबाबत फार कडक असतात. शिवाय 2022 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 13 पासून नवं ॲप टाकल्यावर नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नाकारली, तरी मध्यस्थाचं उत्तर ‘स्वीकारला’ असंच येऊ शकतं.

म्हणून दुसरी नोंद फोनकडून यावी लागते: संदेश मिळाल्यावर ॲपने तसं सर्व्हरला कळवायचं, आणि परवानगी चालू आहे की नाही हेही मधूनमधून सांगायचं. मग स्वीकारलेल्या संदेशांपैकी किती मिळाले, हे फोनची कंपनी आणि अँड्रॉइडची आवृत्ती यांनुसार पाहता येतं. सगळ्या कंपन्यांचे आकडे एकदम पडले, तर संशय आपल्या नव्या ॲपवर घ्यायचा. एकाच कंपनीचा आकडा पडला, तर त्या फोनची बॅटरीची सेटिंग तपासायची. अँड्रॉइड 13 आणि त्यापुढच्याच फोनांवर पडला, तर आधी परवानगी पाहायची.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. फोनची पोच इंटरनेट आल्यावर उशिरा येते, त्यामुळे सकाळच्या संदेशांचा हिशेब दुपारी लावू नये. दुसऱ्या दिवशी लावावा. एखाद्या मॉडेलचे बाराच फोन असतील आणि त्यातल्या तिघांकडून पोच आली नाही, तर 25 टक्के हा आकडा दिसायला भयंकर असला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. अशा ठिकाणी टक्क्यांशेजारी फोनांची संख्याही दाखवावी आणि ती पुरेशी झाल्याशिवाय धोक्याची सूचना वाजवू नये.

वाचकांच्या हातीही यातलं थोडं आहे. आठवण आली नाही, तर आधी सेटिंगमध्ये त्या ॲपची नोटिफिकेशनची परवानगी आणि बॅटरीवरचं बंधन पाहा. तरीही तक्रार करावी लागली, तर फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आवृत्ती आणि संदेश साधारण कधी यायला हवा होता ती वेळ, एवढं जरूर लिहा. ‘नोटिफिकेशन येत नाही’ एवढ्याच तक्रारीवरून लॉगमध्ये शोध घेता येत नाही. या चार गोष्टींवरून घेता येतो.