वयाचा तक्ता आणि माणसाचं आयुष्य : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

डी.एड. किंवा बी.एड.ची तयारी करणाऱ्या पांढुर्णा-सौंसरकडच्या मुलामुलींच्या गाईडात एरिक एरिकसनचा तक्ता हमखास सापडतो. आठ ओळींचा तक्ता. एका रकान्यात वय, दुसऱ्यात त्या वयात मनाला पडणारा पेच, तिसऱ्यात तो सुटला तर काय कमावलं ते. तान्ह्या वयात विश्वास की अविश्वास, बारा ते अठरात स्वतःची ओळख की गोंधळ, मग तरुणपणी जवळीक की एकाकीपणा, मध्यमवयात पुढच्या पिढीसाठी काही घडवणं की साचून जाणं, आणि म्हातारपणी समाधान की हताशा. परीक्षेपुरता तक्ता पाठ होतो आणि मग तो परीक्षेबाहेरही वापरला जातो. तिशी आली, लग्न नाही, म्हणजे टप्पा हुकला. पंचेचाळिशी आली, हाताशी काही नाही, म्हणजे माणूस साचला. या तक्त्यातले प्रश्न खरे आहेत. आकडे मात्र तितके खरे नाहीत. पेच माणसाच्या मनातले असले, तरी त्यांच्यासमोर लिहिलेली वयं बरीचशी त्या त्या काळाच्या समाजाने घालून दिलेली असतात. हा फरक लक्षात घेतला नाही, तर चांगला सिद्धांत माणसं मोजायची पट्टी होऊन बसतो.

गैरसमज : वयाच्या मर्यादा एरिकसननेच ठरवून दिल्या

एरिकसनचं मूळ पुस्तक १९५० साली अमेरिकेत आलं. त्यात पुढच्या अवस्थांना नावं आहेत, पौगंड, तारुण्य, प्रौढत्व, परिपक्वता अशी. पण त्यांच्यापुढे ‘इतक्या ते इतक्या वर्षांपर्यंत’ असा काटेकोर हिशेब नाही. तो पुढच्या पाठ्यपुस्तककारांनी शिकवायच्या सोयीसाठी भरला. म्हणूनच एका पुस्तकात मध्यमवय चाळिशीला सुरू होतं आणि दुसऱ्यात तिशीच्या आतबाहेर. आकडे मोजून काढलेले असते, तर पुस्तकागणिक इतके सरकले नसते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मूळ आकृतीत आहे, आणि गाईडात ती गाळली जाते. एरिकसनने ओळींची यादी केलेली नव्हती. त्याने आठ आडवी आणि आठ उभी अशी चौसष्ट घरं आखली आणि तिरप्या रेषेवरची फक्त आठ भरली. बाकीची घरं रिकामी ठेवण्यामागे अर्थ होता. विश्वासाचा प्रश्न तान्ह्या वयात ऐरणीवर येतो, पण तो पुढच्या प्रत्येक अवस्थेत कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच. आणि म्हातारपणीच्या समाधानाची बीजं लहानपणापासून असतात. यादी वाचली की एक खोली बंद करून दुसरीत गेल्यासारखं वाटतं. चौसष्ट घरांची आकृती पाहिली की सगळे प्रश्न जन्मभर सोबत चालतात हे दिसतं. एरिकसनच्या मृत्यूनंतर १९९७ साली त्याच्या पत्नी जोन एरिकसन यांनी त्याच्या एका पुस्तकाला नववी अवस्था जोडली. ऐंशी-नव्वदीत शरीर साथ सोडू लागलं की विश्वासापासूनचे सगळे जुने पेच पुन्हा दारात उभे राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

गैरसमज : वेळेत सुटलं नाही, तर कायमचं राहून गेलं

हा दावा तपासला गेला आहे. जॉर्ज व्हेलंट आणि इव्हा मिलोफ्स्की यांनी १९८० साली एका अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. बॉस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत वाढलेल्या ३९२ पुरुषांची पौगंडापासून मध्यमवयापर्यंतची माहिती त्यांच्याकडे होती. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. अवस्थांचा क्रम ढोबळपणे एरिकसनने सांगितल्यासारखा होता. पण कोण कुठल्या वयात कुठे पोचला, यात प्रचंड तफावत होती. म्हणजे क्रमाला आधार मिळाला आणि वेळापत्रक कोसळलं. त्यातही हे सगळे पुरुष, एकाच देशातले आणि जवळपास एकाच पिढीचे. एवढ्या सारख्या लोकांत वयं इतकी मागेपुढे असतील, तर ती सगळ्या जगाला लावायची कशी?

आपल्याकडचं एक आयुष्य या तक्त्याशेजारी ठेवून पाहू. रमाबाई रानडे १८६२ साली जन्मल्या. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानड्यांशी झालं. तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते शिक्षण लग्नानंतर, घरातल्या बायकांची बोलणी खात झालं. तक्त्याप्रमाणे आधी ओळख घडायची आणि मग जोडीदार यायचा. इथे आधी संसार आला आणि ‘मी कोण’ हा प्रश्न त्या संसाराच्या आत, अभ्यासाच्या वाटेने सुटत गेला. १९०१ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांना वैधव्य आलं. त्या काळच्या समाजाच्या हिशेबात बाईचं आयुष्य तिथेच संपायचं. पोटचं अपत्य नव्हतं. पण १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, आणि शिक्षिका, परिचारिका घडवण्याचं काम त्या १९२४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत करत राहिल्या. पुढच्या पिढीसाठी काही घडवण्याचा पेच त्यांनी सोडवला, पण तो आईपणाच्या वाटेने नाही आणि ठरल्या क्रमानेही नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, रमाबाई असामान्य होत्या. त्यांचं कर्तृत्व असामान्य होतं हे खरं, पण अकराव्या वर्षीचं लग्न अजिबात असामान्य नव्हतं. ओळखीआधी संसार, हा क्रम त्या काळच्या असंख्य मुलींचा होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एरिकसनला जवळीक म्हणजे लग्न अभिप्रेत नव्हतं. स्वतःला न हरवता दुसऱ्याशी मोकळं होण्याची क्षमता अभिप्रेत होती, आणि ती अकराव्या वर्षी कशी असणार? आक्षेप बरोबर आहे. पण तो मान्य केला की तक्त्याचा रोजचा वापर आपोआप बाद होतो. लग्न, नोकरी, मूल या बाहेरच्या घटना मनातल्या कामाचा पुरावा नसतील, तर तिशीत लग्न न झालेल्याचा टप्पा हुकला असं म्हणायला आधारच उरत नाही.

गैरसमज : चाळिशीत प्रत्येकाच्या मनात वादळ येतंच

‘मध्यमवयाचं संकट’ ही कल्पना एलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या लेखातून आली आणि ती मुख्यतः नामवंत कलावंतांच्या चरित्रांवर उभी होती. १९७८ साली डॅनियल लेव्हिन्सन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. त्यांनी मुलाखती घेतल्या चाळीस अमेरिकी पुरुषांच्या : दहा कामगार, दहा कंपनी अधिकारी, दहा जीवशास्त्रज्ञ, दहा कादंबरीकार. सगळे मुलाखतीच्या वेळी पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांचे. इथे पद्धतीतलीच अडचण आहे. एकाच पिढीची माणसं एकाच वयात भेटली, तर त्यांच्यात जे दिसतं ते वयामुळे की त्या पिढीने पाहिलेल्या युद्धामुळे आणि मंदीमुळे, हे वेगळं काढता येत नाही. पुढे इलेन वेदिंग्टन यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत सुमारे २६ टक्के लोकांनीच असं संकट आल्याचं सांगितलं, आणि त्यातही अनेकांनी त्याचा संबंध वयाशी न जोडता मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं अशा घटनांशी जोडला.

पारख करायची असेल तर एक साधा प्रश्न पुरतो : हेच तिशीत किंवा साठीत घडलं असतं, तर माणूस असाच खचला असता का? बगीच्यातली फळं गळून गेली, त्याच वर्षी मुलीची नागपूरच्या कॉलेजची फी भरायची आहे आणि कर्ज थकलं आहे, अशा पंचेचाळिशीच्या शेतकऱ्याला ‘या वयात असं होतंच’ असं सांगणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे. त्याच्या मनावरचा भार त्याच्या वयाचा नाही, त्या वर्षाचा आहे.

गैरसमज : आपले चार आश्रम म्हणजे हाच सिद्धांत, पंचवीस-पंचवीस वर्षांचा

आश्रमव्यवस्था आणि एरिकसन यांची तुलना सुधीर कक्कर यांनी १९६८ मध्येच केली होती, आणि साम्य आहेही. पण पंचवीस वर्षांचे चार समान तुकडे हे आश्रमांचं मूळ रूप नाही. पॅट्रिक ऑलिव्हेल यांच्या संशोधनानुसार जुन्या धर्मसूत्रांत आश्रम हे एकापुढे एक चढायच्या पायऱ्या नव्हत्या. शिक्षण संपल्यावर माणसाने जन्मभरासाठी निवडायचे ते वेगवेगळे मार्ग होते. क्रम नंतर आला. आणि मनुस्मृतीत वनाकडे निघायची वेळ सांगितली आहे ती त्वचेवरच्या सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचं तोंड या खुणांनी, वर्षाच्या आकड्याने नाही. शिवाय ही सगळी रचना मुख्यतः वरच्या वर्णांतल्या पुरुषांसाठी होती. म्हणजे मर्यादा इथेही तीच : थोड्यांचं आयुष्य सगळ्यांचा नियम म्हणून मांडलं गेलं.

मग वयाला काहीच अर्थ नाही का?

आहे, पण सगळीकडे सारखा नाही. लहानपणी शरीर आणि मेंदूची वाढ पुढे असते, म्हणून तिथे वय महत्त्वाचं. दोन वर्षांचं मूल एकही शब्द बोलत नसेल, तर ‘प्रत्येकाची वेळ वेगळी’ म्हणत बसू नये. कान आणि वाढ तपासून घ्यावी. जसजसं वय वाढतं तसतसा शरीराचा हात सैल होतो आणि समाजाचा घट्ट होतो. बर्निस न्यूगार्टन यांनी १९६० च्या दशकात याला सामाजिक घड्याळ म्हटलं. ते घड्याळ किती सरकतं, हे कायद्यातच वाचता येतं. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं, १९७८ च्या दुरुस्तीने अठरा केलं. पन्नास वर्षांत माणसाचं शरीर बदललं नाही, अपेक्षा बदलली. संत्र्याच्या झाडाला आंबिया बहार येईल की मृग, हे जसं ऋतूबरोबर पाण्याचा ताण कधी दिला आणि कधी तोडला यावर ठरतं, तसंच वयाचंही आहे : शरीराबरोबर समाजही ते ठरवतो.

आपल्याच भागातलं एक नेहमीचं घर घ्या. जमिनीची ऋणपुस्तिका सत्तरीच्या वडिलांच्या नावावर. बगीचा कुठल्या व्यापाऱ्याला द्यायचा, किती भावाने द्यायचा, हे तेच ठरवतात. चाळिशीचा मुलगा फवारणी करतो, मजूर सांभाळतो, स्वतःची मुलं शिकवतो, पण सौद्याच्या वेळी गप्प असतो. तक्त्याप्रमाणे पाहिलं तर वडिलांनी आता मागे वळून समाधान मानायचं आणि मुलाने घडवायचं. प्रत्यक्षात वडील अजून घडवतायत, आणि मुलगा मुलांच्या बाबतीत घडवणारा, पण निर्णयाच्या बाबतीत स्वतःची ओळख शोधणारा आहे. तो एकाच वेळी दोन ओळींत उभा आहे. त्याला मागे पडलेला ठरवणं चूक, कारण त्याचा पेच मनाच्या कमतरतेतून आलेला नाही. कागद कोणाच्या नावावर आहे, यातून आलेला आहे. उद्या एक एकर त्याच्या हातात दिला, तर त्याची ‘अवस्था’ वर्षभरात बदललेली दिसेल. एरिकसनचा प्रश्न इथेही कामाचा आहे : हा माणूस कशाशी झगडतोय? फक्त त्याचं उत्तर शोधताना जन्मतारीख पाहून भागत नाही. त्याला काय करायची मोकळीक आहे आणि काय करायची नाही, हे आधी पाहावं लागतं.