लोणच्याच्या लेबलवर काय लिहाल?

घरगुती कैरीचं लोणचं विकताना लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत: कैरी, तेल, मीठ, मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद, हिंग. यातला हिंग नीट तपासा. बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. तसा असेल तर ‘गहू (ग्लुटेन) आहे’ ही ॲलर्जीची सूचना हवीच. मोहरीचाही ठळक उल्लेख करा, कारण तिचीही काहींना ॲलर्जी असते.

पुढे बनवल्याची आणि टिकण्याची तारीख लिहा. साठवणीची सूचना नेमकी असावी: ‘कोरडा चमचा वापरा, फोडी तेलात बुडालेल्या ठेवा.’ तेलाबाहेर राहिलेल्या फोडीला हवा लागून बुरशी धरते. बुरशी दिसली, तर नुसता वरचा थर काढून भागत नाही. सगळी बरणी टाकावी.