‘होल्ड’ : कॅलेंडरवर टाकलेला रुमाल

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे. बैठक नक्की होणार, पण विषयपत्रिका अजून तयार नाही आणि कोणाकोणाला बोलवायचं तेही ठरलेलं नाही. तोवर त्या वेळेवर दुसरंच कोणी बसू नये, म्हणून कॅलेंडरवर ‘होल्ड’ टाकायचा.

पुण्यातल्या एका टीमला लंडनच्या ग्राहकाबरोबर गुरुवारी दुपारी साडेतीनला बोलायचं आहे. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सकाळचे 11 वाजलेले असतात. शीर्षक असं: ‘होल्ड: दरपत्रक चर्चा’. खाली तीनच ओळी: “वेळ तात्पुरती धरली आहे. विषय आणि उपस्थितांची यादी मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवते. तोवर नक्की झालं नाही, तर होल्ड काढून टाकेन.” आउटलुकमध्ये ‘Show As’ या खान्यात ‘Tentative’ निवडलं, की तो चौकोन तिरप्या रेघांचा दिसतो. गुगल कॅलेंडरमध्ये मात्र ‘Busy’ किंवा ‘Free’ एवढंच निवडता येतं, त्यामुळे तिथे सगळी भिस्त शीर्षकावर.

खरी गंमत नंतर होते. मंगळवारी यादी पक्की झाली, की बरेच जण नवंच निमंत्रण पाठवतात आणि जुना होल्ड तसाच राहतो. मग एकाच वेळेला दोन चौकोन दिसतात आणि लोक भलताच स्वीकारतात. म्हणून जुनंच निमंत्रण उघडून शीर्षकातला ‘होल्ड’ खोडायचा, ‘Tentative’चं ‘Busy’ करायचं, नावं घालायची आणि बदल सगळ्यांना पाठवायचा. बेत फिसकटला तर निमंत्रण रीतसर रद्द करायचं. नाहीतर इतरांच्या कॅलेंडरवर तो रुमाल गुरुवार उलटेपर्यंत पडून राहतो.