पाच गायींचा गोठा आणि दहा दिवसांचे बिल

पश्चिम महाराष्ट्रात घरच्या माणसांवर चालणारा दुग्धव्यवसाय बहुधा चार-पाच संकरित होल्स्टीन गायींचा असतो. अशा गोठ्याचा आराखडा करताना गायींची संख्या सर्वांत फसवी ठरते. गाय सुमारे दहा महिने दूध देते आणि पुढच्या वेताआधी दोन महिने ती आटवावी लागते. त्यामुळे व्यवस्थापन चांगले असले, तरी पाचांपैकी दुधात साधारण चारच गायी धरता येतात.

दुधाचा आकडाही तसाच. बाजारात गाय ‘अठरा लिटरची’ म्हणून विकली जाते, पण ते व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी येणारे टिपेचे दूध असते. संपूर्ण वेताची सरासरी त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे 12 लिटरच्या आसपास पडते. चार गायींचे 48 लिटर, त्यातले वासरांना आणि घराला 3 लिटर. विक्रीला उरले 45. लिटरला 32 रुपये दर धरला, तर दिवसाचे 1,440 रुपये होतात. हा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला मिळतो, असे गृहीत धरले आहे. आंबोण वाढवून वैरण कमी केली की फॅट उतरते, आणि गाय अर्धपोटी राहिली की एसएनएफ.

आता खाणे. पशुखाद्याचा रूढ हिशेब असा, की शरीरपोषणासाठी दीड-दोन किलो आणि प्रत्येक लिटर दुधामागे 400 ग्रॅम. बारा लिटरच्या गायीला त्यामुळे सुमारे 6 किलो लागते. भाकड गायीला 2 किलो पुरते. किलोला 30 रुपये धरून पाचही गायींचे पशुखाद्य दिवसाला 780 रुपयांचे होते. प्रत्येकी 20 किलो हिरवा चारा 3 रुपये दराने 300, 5 किलो कडबा 8 रुपये दराने 200 आणि क्षारमिश्रण 25 रुपये. एकूण 1,305. हातात राहिले 135 रुपये, आणि त्यातून डॉक्टर, वीज, विमा सगळे भागवायचे. मजुरी यात धरलेलीच नाही. कर्जाचा हप्ता इथून निघत नाही.

सरासरी 15 लिटरवर गेली, तर चित्र पालटते. वाढीव 12 लिटरचे 384 रुपये येतात आणि त्यासाठी पशुखाद्य फक्त 144 रुपयांचे वाढते. शिल्लक 375 होते, कारण गायीचा पोटापुरता खर्च दूध कमी असो वा जास्त, तेवढाच राहतो.

याच्या उलट, एका गायीचा माज हुकला तर? व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांत गाय गाभण राहायला हवी. माज बरेचदा रात्री किंवा पहाटे दिसतो. सोट गळतो, गाय हंबरते, दुसरीवर चढते. तो लक्षात आला नाही, किंवा भरवूनही गाय उलटली, तर पुढची संधी 21 दिवसांनी येते. असे तीन-चार वेळा झाले की पुढचे वेत दोन-तीन महिने लांबते, गाय आटते आणि पाचांत दोन भाकड होतात. मग विक्रीला 33 लिटर, उत्पन्न 1,056 आणि खाण्याचा खर्च 1,185. रोज 129 रुपयांचा तोटा, तोही एकही जनावर आजारी नसताना. गायींच्या नावापुढे व्याल्याची, भरवल्याची आणि पुढच्या माजाची तारीख लिहिलेली वही म्हणूनच महागड्या खाद्यापेक्षा जास्त कामाची.

मरतूक वासरांत जास्त. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर हगवणीने वासरू दगावते. 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात 3 लिटर चीक हवा, अर्थात दोन-तीनदा विभागून. मोठ्या गायीसाठी तरतूदच करावी लागते. 80,000 रुपयांच्या पाच गायींवर वर्षाला 4 टक्के धरले, तरी 16,000 म्हणजे दिवसाला 44 रुपये बाजूला पडतात. विमा असेल तर कानातला बिल्ला गळाला की लगेच कळवून नवा लावून घ्यावा, नाहीतर दाव्यात अडचण येते.

राहिली रोकड. दूध रोज दोन वेळा जाते, पण अनेक डेअऱ्यांचे बिल दहा दिवसांचे असते आणि पैसे आणखी काही दिवसांनी जमा होतात. दहा दिवसांचे बिल 14,400 रुपयांचे. डेअरीकडून उधार आणलेल्या पशुखाद्याचे 7,800 त्यातून आधीच वळते होतात. हातात 6,600 येतात, आणि त्यातलेही 5,250 वैरण व क्षारमिश्रणाचे. सुरुवातीलाच किमान पंधरा दिवसांचा खर्च, म्हणजे 20,000 रुपयांच्या आसपास, खेळते भांडवल नसेल तर पहिले बिल येईपर्यंत उधारी सुरू होते. कडब्याचे गणित निराळे: वर्षाला सुमारे 9 टन लागतो आणि रब्बी ज्वारी निघते तेव्हाच तो स्वस्त असतो. आठच्या भावाने त्याचे 73,000 रुपये एकदम मोजावे लागतात. त्यासाठी रोजचे 200 रुपये आधीपासून वेगळे ठेवले नाहीत, तर पावसाळ्याच्या तोंडावर चढ्या भावाने पेंढ्या घ्याव्या लागतात.