प्रेमात पडलेली माणसं इतकं नीट कशी बोलतात?

प्रेमकथेचं हस्तलिखित वाचताना संपादकाची पेन्सिल बहुतेक वेळा संवादांपाशी अडते. संवाद चुकीचे असतात असं नाही. उलट ते फार बरोबर असतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. नमुन्यासाठी एक प्रसंग रचून पाहू. साताऱ्यातल्या एका बँकेच्या शाखेत मुग्धा आणि आदित्य शेजारच्या टेबलांवर काम करतात. आदित्यची चंद्रपूरला बदली झाली आहे. शेवटच्या दिवशी तो चार्ज देतोय.

“आदित्य, तू जाणार म्हणून मी आतून तुटले आहे. बाबा गेल्यापासून मला माणसं दुरावण्याची भीती वाटते, म्हणूनच मी तुझ्याशी फटकून वागत आले.”

“कळतंय मला, मुग्धा. माझाही एकदा विश्वासघात झालाय, त्यामुळे मी भावना व्यक्त करायला घाबरतो.”

या दोन वाक्यांतले ‘म्हणूनच’ आणि ‘त्यामुळे’ पाहा. आपण असे का वागलो याचं कारण भर ऑफिसात, ऐन वेळी, व्याकरणशुद्ध वाक्यात सांगणारी माणसं क्वचितच भेटतात. ज्याला स्वतःचं इतकं उमगलंय, त्याची कादंबरी खरं तर तिथेच संपली. दुसरी खूण म्हणजे बोलणाऱ्यांची नावं झाकून वाचलं तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. दोघांचा सूर एकच, आणि तो लेखकाचा. शिवाय एकाने मन उघडलं की दुसरा लगेच ‘कळतंय मला’ म्हणतो. मग वाचकाने ओळखायचं असं काही उरतच नाही.

यावर समासात ‘संवाद सूचक करा’ एवढंच लिहिलं तर लेखकाच्या हाती काही लागत नाही. तो ‘तुटले आहे’ खोडतो आणि ‘तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं’ असं लिहितो. म्हणजे तेच स्पष्टीकरण, फक्त निवेदनाच्या तोंडून. उपयोगी शेरा असा असेल: ‘या क्षणी मुग्धाला आदित्यकडून काय हवंय? आणि ते मागायला तिला कशाची अडचण आहे?’ तिला त्याने थांबायला हवंय, पण ‘थांब’ म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला ठाऊक नाही. एवढं ठरलं की प्रसंग हातातल्या कामाच्या आधाराने पुन्हा लिहिता येतो.

“चाव्यांच्या रजिस्टरवर तुझी सही राहिलीय.”

“उद्या करते.”

“उद्या मी नसणार.”

“माहितीये. सगळ्या ब्रँचला माहीत होतं. मलाच शेवटी कळलं.”

त्याने पेन पुढे केलं. तिने ते घेतलं, पण रजिस्टर उघडलं नाही.

“चंद्रपूरला उन्हाळा फार असतो. हे असले टेरिकॉटचे शर्ट नेऊ नकोस.”

प्रेम, भीती, विश्वासघात यांतला एकही शब्द इथे नाही. तिचा राग ‘मलाच शेवटी’ मध्ये आहे आणि माया शर्टात. सही टाळणं हाच तिचा ‘थांब’.

आता लेखक विचारेल, मग बाबांचं काय? ते वाचकाला कसं कळणार? प्रश्न रास्त आहे. बाबांच्या मृत्यूचा परिणाम आधी कुठे दिसलाच नसेल, तर तो सगळा भार या एका संवादावर येऊन पडतो. अशा वेळी दुरुस्ती या पानावर नसते, मागच्या प्रकरणात असते. कुणाच्या निरोप समारंभाला मुग्धा नेमकी रजा टाकते, असं तिथे एकदा दाखवून ठेवलं की शेवटच्या दिवशी तिला तोंडाने काही सांगावं लागत नाही. माझ्या मते प्रेमकथेतल्या अतिस्पष्ट संवादांच्या मुळाशी बरेचदा न लिहिलेला असा एखादा प्रसंग असतो. म्हणून संपादकाने संवाद कापण्याआधी तो प्रसंग शोधावा.

याची दुसरी टोकाची चूकही होते. शेरे मनावर घेऊन काही लेखक पात्रांना नुसतं हवापाण्यावर बोलायला लावतात. तपासायचं असेल तर हस्तलिखित न वाचलेल्या एखाद्याला मागचा प्रसंग आणि हा संवाद एवढंच द्यावं आणि ‘तिला काय हवंय?’ असं विचारावं. त्याला सांगता आलं नाही, तर ती सूचकता नाही, नुसती संदिग्धता आहे.

आणि सरळ बोलणं कायमचं वर्ज्यही नाही. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’मध्ये डार्सी एलिझाबेथला प्रेम अगदी उघड सांगतो. पण सांगता सांगता तिच्या घराण्याचा कमीपणाही काढतो आणि झिडकारला जातो. तिथे उघड बोलण्याने दोघांमधलं काहीच मिटत नाही, सगळं चिघळतं. मुग्धालाही एक सरळ वाक्य ठेवायला हरकत नाही. मात्र ते आदित्य चंद्रपूरला गेल्यानंतर, फोनवर, भांडणाच्या भरात तिच्या तोंडून निसटावं, आणि त्याने लगेच ‘कळतंय मला’ म्हणू नये.