कारण कळण्याआधीचं उत्तर

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी गुणवत्ता विभागाचं काम पाहतो. आमचे भाग चाकणच्या एका वाहन कारखान्यात जातात आणि तिथे थेट असेम्ब्ली लाइनवर बसतात. ग्राहकाची तक्रार आमच्याकडे सावकाश येत नाही. फोन वाजतो तेव्हा पलीकडे लाइन थांबलेली असते किंवा थांबायच्या बेतात असते.

अशीच एक तक्रार सकाळी 10:40 ला आली. अॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये एम 8 चे चार आटे असतात. त्यांत बोल्ट पूर्ण बसत नव्हता, पाना टॉर्क दाखवून थांबत होता, पण बोल्टचं डोकं वरच राहत होतं. लाइनवर असे तीन नग सापडले होते. फोनपाठोपाठ फोटो आला आणि लगेच प्रश्न आला, "कारण काय ते सांगा आधी."

या प्रश्नाला त्या क्षणी खरं उत्तर नसतं. तरी शॉपमध्ये कुणीतरी ते देतंच. त्या दिवशीही टॅपिंग मशीनजवळ दोघे-तिघे एकाच वेळी म्हणाले, "टॅप झिजला असणार." अंदाज तर्काला धरून होता. टॅप झिजला की आटे तंग होतात, आणि आमचा टॅप साधारण 250 नगांमागे बदलावा लागतो. पण हा अंदाज पहिल्या उत्तरात लिहायचा नाही, हा आमचा नियम आहे. मी फोनवर एवढंच म्हणालो, "साहेब, आत्ता जे सांगेन तो अंदाज असेल. अर्ध्या तासात मेल करतो. त्यात माणूस कधी पोचतो आणि माल कसा तपासतो ते असेल."

11:10 ला मेल गेला. मजकूर साधारण असा होता:

"कव्हरच्या आट्यांत बोल्ट पूर्ण न बसल्याची आपली तक्रार 10:40 वाजता मिळाली. आपल्या लाइनवर तीन नग सापडल्याची नोंद केली आहे. कारण अजून माहीत नाही. आमचं डिस्पॅच थांबवलं आहे. दोन इन्स्पेक्टर थ्रेड गेज घेऊन निघाले आहेत. दुपारी 1 पर्यंत ते आपल्याकडे पोचतील आणि आधी लाइनवरचे 60 नग तपासतील. तपासलेल्या चांगल्या नगावर हिरवी खूण असेल. गेल्या आठवड्यातल्या लॉटचे क्रमांक सोबत जोडले आहेत. यातले भाग बसवलेल्या गाड्या बाजूला ठेवण्याचा निर्णय आपण घ्यावा. पुढची माहिती आज दुपारी 4 वाजता देऊ, कारण सापडलेलं असो वा नसो."

यातलं प्रत्येक वचन आमच्या हातातलं होतं. माणूस पाठवणं, गाडी थांबवणं, नग मोजणं, ठरल्या वेळी मेल करणं या गोष्टींची वेळ सांगता येते. कारण कधी सापडेल याची वेळ सांगता येत नाही. "संध्याकाळपर्यंत कारण कळवतो" असं लिहिलं, की संध्याकाळी दोनच वाटा उरतात: शब्द मोडायचा किंवा हाताशी असलेला अंदाज कारण म्हणून खपवायचा. दुसरी वाट जास्त घातक, कारण त्या कागदावर पुढची सगळी उपाययोजना उभी राहते.

"तक्रार पाहिली, लवकरच कळवतो" हे उत्तरही कामाचं नाही. पलीकडच्या माणसाला दुपारची पाळी चालवायची की नाही हे ठरवायचं असतं. त्याला 1 वाजता माणूस येणार आणि आधी 60 नग मोकळे होणार एवढं कळलं, तरी तो पाळीचं नियोजन करू शकतो.

आमच्या क्षेत्रात याला शिस्तीची चौकट आहे. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये आखलेली 'एट डी' ही पद्धत आज वाहन उद्योगात सर्रास वापरली जाते. तिच्यात तिसरी पायरी तात्पुरत्या बंदोबस्ताची आहे आणि मूळ कारणाचा शोध चौथ्या पायरीवर येतो. बंदोबस्त आधी, कारण नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. बरेच ग्राहक पहिल्या 24 तासांतच बंदोबस्ताचा अहवाल मागतात. कारणासाठी काही दिवसांची मुदत मिळते.

बंदोबस्त म्हणजे माल जिथे जिथे असू शकतो, तिथे तिथे तो गाठणं. आमची यादी अशी झाली: लाइनवर 60, ग्राहकाच्या स्टोअरमध्ये 480, वाटेतल्या गाडीत 240, आमच्या तयार मालात 600 आणि धुलाई ते पॅकिंगच्या मध्ये 150. एकूण 1530 नग. यात सगळ्यात जास्त निसटतो तो वाटेतला माल. तो आमच्या पुस्तकातून गेलेला असतो आणि त्यांच्या पुस्तकात आलेला नसतो. म्हणून त्या गाडीच्या ड्रायव्हरला पहिला फोन गेला.

4 वाजता दुसरा मेल गेला. त्यात कारण नव्हतं. लाइनवरचे 60 तपासून झाले, स्टोअरमधले 300 झाले, आणखी चार खराब मिळाले, उरलेले रात्री 9 पर्यंत होतील, पुढचा मेल 9:30 ला, एवढंच होतं. ग्राहकाचा फोन आला, पण त्यात कारणाचा प्रश्न नव्हता. रात्रपाळीला किती नग मिळतील, हे त्यांना हवं होतं.

रात्री तपासणी संपली तेव्हा लाइनवरचे तीन धरून 11 नग खराब निघाले होते. कुठल्या लॉटचे, कितव्या छिद्राचे, हे इन्स्पेक्टरने प्रत्येक नगासमोर लिहून ठेवलं होतं. त्या नोंदींनी टॅपचा अंदाज पाडला. टॅप झिजला असता, तर खराब नग टॅप बदलण्याच्या थोडं आधीचे असते. हे नग चार दिवसांच्या लॉटमध्ये विखुरलेले होते, काही तर नवा टॅप लावल्यावर लगेचचे. आणि दोष प्रत्येक वेळी एकाच छिद्रात होता. गेज सहज आत जायचं आणि तळाच्या दोन-तीन फेऱ्या राहिल्या की अडायचं. छिद्र आरपार नसल्यामुळे तळाशी चिप दाबून बसलेली होती. धुलाई यंत्रात त्या छिद्रासमोरचा नोझल अर्धा बुजलेला सापडला. दुसऱ्या दिवशी नोझल मुद्दाम तसाच ठेवून नग धुतले तेव्हा चिप राहिली. साफ करून धुतले तेव्हा राहिली नाही. दोष असा आणता आणि घालवता आला, तेव्हाच आम्ही कारण लिहून दिलं.

आता पहिल्या मेलमध्ये "टॅप झिजला" असं लिहिलं असतं तर काय झालं असतं ते पाहा. टॅप बदलण्याआधीचे शेवटचे काही नग तपासून बाकीच्यांवर हिरवी खूण पडली असती. नव्या टॅपचे खराब नग "तपासलेला माल" म्हणून लाइनवर गेले असते. कारणाचा अंदाज शोधाची हद्द आखून टाकतो, आणि अंदाज चुकला की हद्दही चुकते. कारण माहीत नसताना हद्द रुंदच ठेवावी लागते. त्यात माणसं आणि तास जास्त जातात, पण ती किंमत मोजावी.

एक मर्यादाही सांगायला हवी. बसवून झालेल्या गाड्यांपर्यंत आमचा हात पोचत नाही. त्या बाजूला ठेवायच्या की नाही, हे ग्राहकच ठरवतो, आणि जितका उशीर होईल तितक्या जास्त गाड्या फाटकाबाहेर जातात. म्हणून लॉटचे क्रमांक पहिल्याच मेलमध्ये जायला हवेत, मग यादी गरजेपेक्षा मोठी झाली तरी चालेल.

या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: पहिलं उत्तर अशा माणसाने लिहावं ज्याला डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार आहे. त्यात काय कळलं, काय कळलेलं नाही, कोण काय किती वाजेपर्यंत करणार आणि पुढची बातमी केव्हा, या चार गोष्टी असाव्यात. आणि ती वेळ आली, की सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी मेल गेलाच पाहिजे.