टेलिस्कोप नंतर, आधी देवयानी

आकाशदर्शनाच्या मंडळात नवा सभासद आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता टेलिस्कोप घेऊ? जुन्यांचंही उत्तर ठरलेलं: इतक्यात कोणताच नको. टेलिस्कोपमधून आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो आणि नवख्याला तो नेमका कुठला, हेच उमगत नाही. त्यापेक्षा १० x ५० चा बायनॉक्युलर घ्या. दहा पट मोठं दिसतं, पुढची भिंगं पन्नास मिलिमीटरची असल्यामुळे प्रकाश भरपूर येतो आणि आकाशाचा बराच मोठा भाग एका नजरेत मावतो.

फोकस मात्र नीट करून घ्यावा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरता तारा टिंबासारखा करायचा, मग डावं झाकून उजव्या नेत्रिकेची कडी फिरवायची. (काही बायनॉक्युलरना ती कडी डावीकडे असते, तिथे उलट क्रम.) ताऱ्याची चकती किंवा फुलबाजी दिसत असेल तर फोकस चुकला.

पहिलं लक्ष्य देवयानी दीर्घिका असू द्या. डिसेंबरच्या सुरुवातीला, अमावास्येच्या आसपास, रात्री आठच्या सुमारास ती महाराष्ट्रातून उत्तरेकडे बरीच वर, डोक्याजवळ असते. म्हणून सतरंजीवर उताणं पडावं. मान अवघडत नाही आणि कोपरं टेकल्याने हातही थरथरत नाहीत. आधी वीस-पंचवीस मिनिटं अंधारात नुसतं पडून राहा. या वेळात कुणी मोबाइल उघडला की सगळे ओरडतात, ते उगाच नाही. उजेड डोळ्यांत गेला की वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून.

आता भाद्रपदाचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येकडेच निघालं की एक मंद तारा सोडून दुसरा ठळक, तांबूस तारा लागतो. इथून शर्मिष्ठेच्या 'एम'कडे वळायचं. त्या बाजूला साधारण सारख्या अंतरावर दोन मंद तारे आहेत: तांबूस तारा आणि त्यातला पहिला हे बायनॉक्युलरमध्ये एकत्र मावतात, मग पहिला आणि दुसरा. दुसऱ्याच्या अगदी शेजारी लांबट, पुसट धुरकट डाग दिसेल. तीच दीर्घिका. तो प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे.

छायाचित्रातल्या निळ्या-जांभळ्या भोवऱ्याची अपेक्षा ठेवलीत तर "एवढंच?" असं तोंडातून निघणारच. डोळ्याला इतक्या मंद प्रकाशात रंग कळत नाहीत. डागाकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवलीत तर तो पसरट वाटतो, कारण अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून कडेला दाटलेल्या असतात. शहराच्या गच्चीवरून फक्त मधला गाभा दिसतो, कधी तोही नाही.

डाग सापडला की शर्मिष्ठेकडून ययातीकडे सरका. वाटेत ताऱ्यांचे दोन गुच्छ शेजारी-शेजारी आहेत. ते न सांगता सापडले, तर टेलिस्कोपचं बोलू.